एकाएकी बंद पडलेला कान

घरात कोणाच्या छातीत कळ आली, किंवा कोणाचे तोंड वाकडे झाले, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सारे कुटुंब जागे होते आणि डॉक्टरांस बोलावणे जाते. परंतु सकाळी उठल्यावर एखाद्याने सांगितले की, "आज डाव्या कानाने काही ऐकूच येत नाही," तर त्या वाक्याने घरातील कोणाचीही झोपमोड होत नाही. दुखत नाही, खुपत नाही, रक्त येत नाही. शिवाय दुसरा कान शाबूत असल्यामुळे संभाषण चाललेलेच असते. "मळ साचला असेल", "पडसे झाले आहे, उतरेल", "कानात पाणी गेले असेल" अशी उत्तरे मिळतात आणि आठ-पंधरा दिवस सहज निघून जातात. हे पंधरा दिवस फार महागात पडू शकतात, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. म्हणून या विकाराविषयी थोड्या विस्ताराने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या विकाराची व्याख्या पाहू. बहात्तर तासांच्या आत, म्हणजे तीन दिवसांत, श्रवणशक्ती निदान तीस डेसिबलने कमी व्हावी, ती घट लागोपाठच्या तीन स्वरपट्ट्यांवर दिसावी, आणि दोष कानाच्या बाहेरच्या मार्गात नसून आतल्या शंखात किंवा श्रवणनाडीत असावा, तर त्यास आकस्मिक नाडीजन्य बधिरता म्हणतात. तीस डेसिबल म्हणजे किती, असे वाचक विचारतील. ज्याचा कान निरोगी आहे त्यास जवळची कुजबुज जितकी ऐकू येते, तितका हा फरक होय. एकूण कुजबुज नाहीशी होते, आणि घट याहून मोठी असेल तर साधे बोलणेही त्या कानाने कळेनासे होते. बहुधा एकच कान जातो. त्याबरोबर कानात गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज, कान भरल्यासारखा वाटणे आणि कधी कधी घेरी ही लक्षणे असतात. कान भरल्यासारखा वाटतो म्हणूनच रोगी मळाच्या समजुतीत राहतो.

मळ किंवा पडसे यांमुळे आलेला बहिरेपणा आणि हा बहिरेपणा यांतील भेद ओळखण्याची एक साधी युक्ती आहे, आणि ती घरी करून पाहण्याजोगी आहे. ओठ मिटून एक सुरात गुणगुणावे आणि तो सूर कोणत्या कानात अधिक मोठा वाटतो याकडे लक्ष द्यावे. निरोगी माणसास तो डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. आता एका कानात बोट घालून पुन्हा गुणगुणावे. सूर बोट घातलेल्या कानात सरकतो. कारण बाहेरची वाट बंद झाली की हाडांतून आलेला नाद त्या कानात कोंडल्यासारखा होतो. मळाने किंवा पडशाने कान बंद झाला असेल तर हेच घडते. गुणगुण बंद कानातच मोठी वाटते. पण नाडीचा दोष असेल तर उलट होते. ज्या कानाचे ग्रहण करणारे यंत्रच मंद पडले आहे त्याकडे नाद कसा जाईल? तो चांगल्या कानाकडे जातो. तेव्हा कान बंद वाटतो आहे आणि गुणगुण मात्र दुसऱ्याच कानात ऐकू येते, असे दिसले की त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. ही परीक्षा ढोबळ आहे. तिने धीर मिळाला म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. तिने भय सुचविले तर मात्र एक दिवसही दवडू नये.

डॉक्टर हेच काम ट्यूनिंग फोर्क नावाच्या धातूच्या चिमट्याने करतात. सेकंदास ५१२ कंपने करणारा तो चिमटा वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवितात. ही वेबर यांची परीक्षा. मग तो कानामागच्या हाडावर आणि कानासमोर आळीपाळीने धरतात. ही रिने यांची परीक्षा. दुसरीत एक फसगत संभवते. कान अगदीच मेलेला असेल तर हाडावर धरलेला नाद कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानापर्यंत जातो, आणि रोगी प्रामाणिकपणे सांगतो की, हाडावर ऐकू येते, हवेतून येत नाही. हे ऐकून परीक्षकास वाटावे की, हा बाहेरचाच अडथळा. म्हणून दोन्ही परीक्षा एकत्र ताडून पाहाव्या लागतात, आणि अखेरचा निवाडा ऑडिओग्रामनेच, म्हणजे यंत्राने काढलेल्या श्रवणालेखानेच, होतो. कानात दिवा घालून पाहिले तर पडदा बहुधा अगदी स्वच्छ दिसतो. पडदा स्वच्छ आहे आणि रोगी म्हणतो ऐकू येत नाही, ही गोष्ट समाधानाची नसून सावध होण्याची आहे.

आता आत काय बिघडते ते पाहू. कानाच्या आत शंखाकृती नलिका असते. तीत सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरीने त्यांची केसांसारखी टोके हलतात आणि त्या हालचालीचे रूपांतर नाडीतील संदेशात होते. या कामास लागणारी वीज शंखाच्या भिंतीतील एक रक्तवाहिन्यांनी भरलेली पट्टी पुरविते; ती क्षार इकडून तिकडे नेऊन आतल्या द्रवात सुमारे ऐंशी मिलिव्होल्टचा दाब कायम ठेवते. हा दाब उतरला की केशपेशी जिवंत असूनही मुक्या होतात. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. शंखास रक्त पुरविणारी धमनी एकटी आहे. ती तुंबली तर रक्त आणणारी दुसरी वाट नाही. आणि मनुष्याच्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कातडी भरून येते, हाड सांधते. हे मात्र होत नाही.

बिघाड कशाने होतो, या प्रश्नास बहुतेक रोग्यांच्या बाबतीत निश्चित उत्तर मिळत नाही. विषाणूमुळे आलेली सूज, त्या एकट्या धमनीतील अडथळा, शरीराच्या संरक्षक शक्तीने आपल्याच कानावर केलेला हल्ला, अशी अनुमाने आहेत. जिवंत माणसाच्या शंखाचा तुकडा काढून तपासता येत नाही, कारण तसे केल्यास उरलेले श्रवणही जाईल. त्यामुळे कारण अनुमानावरच राहते, आणि उपायही अनुमानाच्या पायावर उभारावा लागतो. या विकाराच्या चिकित्सेतील सारी अडचण व सारा विचार या एका गोष्टीत आहे.

स्टेरॉइड हे औषध येथे कसे आले? १९४८ साली अमेरिकेत हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रोग्यास कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणास खिळलेली माणसे चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल व राइकस्टाइन यांस या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. सूज कोठेही असो, ती दाबणारे असे दुसरे औषध नव्हते. शंखातील सूज हे बधिरतेचे एक संभाव्य कारण असल्याने तेच येथे वापरून पाहावे, हा विचार ओघानेच आला. पुढे असेही आढळले की, शंखाच्या भिंतीतील ज्या पट्टीचा वर उल्लेख केला, तीत या औषधास प्रतिसाद देणारे ग्राहक आहेत, आणि औषध तेथील क्षारांच्या देवघेवीवरही परिणाम करते. म्हणजे सूज उतरविणे आणि विजेचा दाब सावरणे, अशी दोन कामे त्याच्याकडून अपेक्षिता येतात. दोहोंत एक अट समान आहे: केशपेशी अद्याप जिवंत असल्या पाहिजेत. मुक्या झालेल्या पेशीस बोलते करता येईल, मेलेलीस नाही. लवकर औषध देण्याचे मूळ कारण हे होय.

परंतु युक्तिवाद सुंदर असला म्हणून औषध लागू पडतेच असे नाही. प्रत्यक्ष परीक्षा १९८० साली विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केली. काही रोग्यांस स्टेरॉइड व काहींस तशीच दिसणारी निरौषध गोळी दिली, आणि कोणास काय मिळाले हे रोग्यास वा तपासणाऱ्यास कळू दिले नाही. स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी शेकडा ६१ जणांचे श्रवण सुधारले, निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ३२ जणांचे. हा फरक लहान नव्हे. मात्र त्यातील बारकावा असा की, लाभ मुख्यतः मधल्या प्रतीच्या बधिरतेत दिसला. ज्यांचा कान जवळजवळ पूर्ण गेला होता त्यांपैकी फारसे कोणी सावरले नाहीत, आणि सौम्य प्रकारांपैकी काही तर औषधावाचूनही बरे झाले. शिवाय ही सारी माणसे थोडकी होती, शंभराच्याही आत. पुढील काळात झालेल्या परीक्षांनी या निकालास एकमुखाने दुजोरा दिलेला नाही. सर्व पुरावा एकत्र तोलून पाहणाऱ्यांनी स्टेरॉइडचा लाभ निःसंशय सिद्ध झालेला नाही, असेच म्हटले आहे.

मग डॉक्टर ते औषध का देतात, आणि तेही घाईने? येथे विचार करण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. या विकारात तिघांतील एकापासून तिघांतील दोघांपर्यंत रोगी कोणत्याही औषधावाचून काही अंशी सुधारतात, असे निरनिराळ्या निरीक्षकांचे सांगणे आहे. म्हणून "मला गोळीने गुण आला" या साक्षीस किंमत कमी. तसेच "लवकर आलेले रोगी अधिक बरे झाले" या निरीक्षणातही एक खोट आहे. पहिल्या चार दिवसांत आपोआप बरा होणारा मनुष्य चौथ्या आठवड्यात डॉक्टरांकडे येतच नाही. उशिरा येतात ते न सुधारलेलेच. म्हणजे लवकर येणाऱ्यांत नशीबवानही मोजले जातात, उशिरा येणाऱ्यांत ते आधीच गळालेले असतात. तेव्हा लवकर दिलेल्या औषधाचा सारा गुण औषधाचाच मानणे सावधपणाचे नाही.

इतके कबूल करूनही तराजू लवकर औषध देण्याकडेच झुकतो, आणि त्याचे कारण नुकसानीच्या स्वरूपात आहे. एका पारड्यात दोन आठवड्यांचे औषध आहे; त्याचे उपद्रव बहुधा तात्पुरते व ओळखता येण्याजोगे आहेत. दुसऱ्या पारड्यात जन्मभराचा एक कान आहे. वाट पाहिली आणि कान आपोआप सुधारला, तर एक अनावश्यक औषध टळले इतकाच लाभ. वाट पाहिली आणि सुधारला नाही, तर गेलेला काळ कोणी परत देऊ शकत नाही. म्हणूनच अमेरिकेतील कर्ण-नासा-कंठ तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत, विकार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्टेरॉइड देता येईल, असे म्हटले आहे. "दिलेच पाहिजे" असे म्हटलेले नाही, हेही लक्षात घ्यावे. निर्णय रोग्यास सर्व समजावून त्याच्यासह घ्यावयाचा आहे. पण निर्णय घेण्यास वेळ हवा असेल तर रोगी वेळेवर आला पाहिजे.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते हे कळावे म्हणून एक कल्पित पण नेहमीच्या धर्तीचे उदाहरण घेऊ. समजा, एका मोठ्या घरातील धाकट्या जाऊबाई, वय ४६, वजन साठ किलो. सोमवारी सकाळी डावा कान बंद व त्यात शिट्टी. सासूबाईंनी लसणीचे तेल कोमट करून घालण्यास सांगितले, थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पडसे उतरले की उघडेल." मंगळवारी फोन डाव्या कानास लावला तेव्हा पलीकडचा आवाज फाटल्यासारखा आला. कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याने म्हटले, "काकू, जरा गुणगुणून पाहा ना." गुणगुण उजव्या कानात ऐकू आली. बुधवारी त्या कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. पडदा स्वच्छ. श्रवणालेखात उजवा कान दहा-पंधरा डेसिबलवर, म्हणजे उत्तम. डावा ५०० हर्ट्झवर ६०, १००० वर ६५ आणि २००० वर ६५. सरासरी ६३. हवेतून व हाडातून दोन्ही मापे सारखीच खाली, म्हणजे दोष आतला.

औषधापूर्वी डॉक्टरांनी काही प्रश्न विचारले. मधुमेह आहे काय? रक्तदाब? पोटात व्रण? काचबिंदू? पूर्वी क्षय झाला होता काय? हे प्रश्न औपचारिक नाहीत. स्टेरॉइडने रक्तातील साखर चढते, दाब वाढतो, झोप उडते, स्वभाव चिडका होतो, आणि शरीरात दबून बसलेला क्षय डोके वर काढू शकतो. या बाईंची साखर सीमेवर होती. म्हणून औषध नाकारले नाही, पण रोज साखर मोजण्यास सांगितले. मात्रा वजनाच्या दर किलोस एक मिलिग्रॅम, अधिकात अधिक ६०. म्हणून ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, सकाळी खाल्ल्यावर, एकाच वेळी. दहा दिवस पूर्ण मात्रा व पुढे चार-पाच दिवसांत उतरत्या क्रमाने बंद. मात्रा चार वेळा विभागून थोडी थोडी घेणे, किंवा बरे वाटते म्हणून तिसऱ्या दिवशी सोडणे, या नेहमीच्या चुका होत.

पंधरा दिवसांनी पुन्हा आलेख काढला. सरासरी ६३ वरून ३५ वर आली होती. सुधारणा चांगली, पण पूर्ण नव्हे. अशा वेळी दुसरी पायरी असते: पडद्यातून बारीक सुईने मध्यकर्णात स्टेरॉइड सोडणे. तेथून ते शंखाच्या पातळ पडदीतून आत झिरपते. शरीरात फारसे जात नाही. विकाराच्या दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत ही पायरी उपयोगात आणतात. मधुमेह बळावलेला असेल तर काही डॉक्टर पहिल्यापासूनच हीच वाट धरतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, २५० रोग्यांवर केलेल्या अमेरिकेतील परीक्षेत दोन आठवड्यांत दिलेली अशी चार इंजेक्शने तोंडाने घेतलेल्या गोळ्यांहून कमी ठरली नाहीत. आमच्या उदाहरणातील बाईंचा कान शेवटी २५ पर्यंत आला असे मानू. त्या म्हणतील, औषधाने वाचले. कदाचित तसे असेल. कदाचित त्या आपोआप बऱ्या होणाऱ्यांपैकी असतील. एका रोग्यावरून हे कधीच कळणार नाही, आणि कळण्याची वाट पाहून उपयोगही नाही.

जास्त औषध म्हणजे जास्त गुण, ही समजूत मात्र खोटी ठरली आहे. जर्मनीतील अनेक रुग्णालयांनी मिळून नेहमीच्या ६० मिलिग्रॅमची तुलना त्याहून कितीतरी पट मात्रांशी केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात मोठ्या मात्रेचा अधिक लाभ दिसला नाही, उपद्रव मात्र वाढले. तसेच विषाणुनाशके, रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे यांस वर सांगितलेल्या २०१९ च्या सूचनांत पाठिंबा नाही. दाबाखालील प्राणवायूचा उपचार स्टेरॉइडच्या जोडीने पहिल्या दोन आठवड्यांत, किंवा न सुधारल्यास महिन्याच्या आत देता येतो. परंतु त्याची सोय थोड्याच ठिकाणी असते व खर्च बराच येतो.

कान सुधारला तरी एक काम उरते. थोड्या रोग्यांत या बधिरतेच्या मुळाशी श्रवणनाडीवरील गाठ असते. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण वाढू शकते. म्हणून एमआरआयने डोक्याचे चित्र घेणे योग्य. आणि ध्यानात ठेवावे की, गाठ असलेल्याचा कानही स्टेरॉइडने सुधारू शकतो. गुण आला म्हणून गाठ नाही असे ठरत नाही.

काही चिन्हे मात्र कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याचीही सवड देत नाहीत. बहिरेपणाबरोबर चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, चेहरा वा हातपाय बधिर वाटणे, यांपैकी काहीही असेल तर तो मेंदूच्या रक्तप्रवाहाचा अडथळा असू शकतो, कारण शंखाची धमनी मेंदूच्याच धमनीची शाखा आहे. अशा रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

औषधाच्या दुकानातून प्रेडनिसोलोन आणून घरच्या घरी सुरू करण्याचा मोह कोणास होऊ नये, म्हणून शेवटी इतकेच सांगतो. औषधापूर्वीचा आलेख नसेल तर बधिरता खरोखर नाडीची होती काय, किती होती, आणि किती भरून आली, यांपैकी काहीच पुढे सांगता येत नाही. आधी आलेख, मग गोळी, हाच क्रम. आणि या दोन्ही गोष्टी पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकता येतात. त्यासाठी घरातील कोणी तरी "कान बंद झाला" हे वाक्य ऐकताच तेलाची वाटी खाली ठेवून, "जरा गुणगुणून पाहा," असे म्हणावयास हवे.